"बाई, बेरीज करू की वजाबाकी?" शाब्दिक उदाहरणांतलं अंदाजपंचे थांबवायचं कसं?

शेवंती

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ३१ मुलं आहेत. आडवी-उभी मांडणी करून दिली की बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं बऱ्यापैकी जमतं. पण शाब्दिक उदाहरण दिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, बेरीज करू की वजाबाकी?" मी "वाच आणि ठरव" म्हटलं की मूल माझ्या तोंडाकडे बघत म्हणतं, "बेरीज?" मी गप्प राहिले की लगेच, "मग वजाबाकी?"

गेल्या वर्षी मी भिंतीवर एक तक्ता लावला होता. एकूण, मिळून म्हणजे बेरीज. उरले, खर्च झाले म्हणजे वजाबाकी. प्रत्येकी, समान वाटले म्हणजे भागाकार. जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी. दोन-तीन महिने छान चाललं, मलाही वाटलं की सुटला प्रश्न. परवा मी फळ्यावर हे उदाहरण दिलं:

"सलमाकडे ४८ गोट्या आहेत. राजूच्या गोट्यांपेक्षा त्या १५ने जास्त आहेत. तर राजूकडे किती गोट्या आहेत?"

३१ पैकी २२ जणांनी ६३ लिहिलं. बेरीज अगदी बिनचूक, हातचाही बरोबर घेतलेला. एकीला विचारलं, "असं का केलंस?" तर तिने तक्त्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून तो तक्ता मला बघवत नाही. काढून टाकू का? आणि काढला तर त्याच्या जागी काय द्यायचं? उपदेश नको, वर्गात करून बघितलेलं सांगा.

घाटपायथा

माझ्या वर्गातही हेच. मी तर कपाळाला आठी घालायची बंद केली आहे, कारण आठी दिसली की मुलं वजाबाकी खोडून गुणाकार करतात.

मीरा_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. पण तक्ता काढू नका असं मला वाटतं. माझ्या मुलाला मी असेच शब्द पाठ करून घेतले आणि तो शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षांत गणितात उत्तम गुण आणतोय. दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे असतात. तिथे विचार करत बसायला वेळ कुठे आहे? तक्त्यात "ने जास्त" असेल तर जपून, अशी एक ओळ वाढवा की झालं.

जुना_खडू

शेवंतीताई, बावीस मुलांनी ६३ लिहिलं म्हणजे ती बेफिकीर आहेत असं समजू नका. त्यांनी तुमचा तक्ता अगदी इमानाने पाळला. मी अध्यापक विद्यालयात बरीच वर्षं शिकवलं आणि त्या निमित्ताने शेकडो वर्गांत मागच्या बाकावर बसलो. मुलं अंदाज करतात कारण अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, आणि तो येईल अशी सोय आपणच केलेली असते.

वजाबाकीचा पाठ शिकवून झाला की खाली दहा शाब्दिक उदाहरणं, आणि दहाही वजाबाकीची. मग मुलाने वाचायचं कशासाठी? दोन आकडे उचलायचे, मोठा वर, लहान खाली. पुढच्या आठवड्यात गुणाकाराचा पाठ, दहाही उदाहरणं गुणाकाराची. वर्षभर असं केल्यावर मूल शिकतं ते हे की गोष्ट ही आकड्यांभोवतीची सजावट आहे. मग सरमिसळ उदाहरणं आली की ते आकड्यांचं रूप बघतं. दोन्ही आकडे सारख्या वजनाचे असतील तर बेरीज किंवा वजाबाकी. एक मोठा, एक एकअंकी असेल तर भागाकार, आणि भाग पुरा जात नसेल तर गुणाकार.

फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या गणित शिक्षकांच्या संस्थेने १९८०च्या सुमारास लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकडे जुळवून उत्तर काढलं. ही रीत शाळेतच तयार होते, सगळीकडे.

तक्ता काढायचाच. पण त्याच्या जागी काय, ते सविस्तर लिहितो. आता बाहेर जायचं आहे, रात्री बसतो.

गणूचे_बाबा

चांगला विषय. माझी मुलगी तिसरीत आहे, तिची हातच्याची वजाबाकी चुकते आणि सातचा पाढा अडखळतो. ॲबॅकसचा क्लास लावला तर शाब्दिक उदाहरणं सुधारतील का?

घाटपायथा

गणूचे बाबा, इथला प्रश्न वेगळा आहे हो. ताईंच्या मुलांनी ४८ आणि १५ची बेरीज अचूक केली आहे. चूक झाली ती बेरीज करायची की नाही ते ठरवताना. क्लासने आकडेमोड भरभर होईल, म्हणजे ६३ जरा लवकर येईल. हातच्याच्या वजाबाकीसाठी दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्या घेऊन बसा, महिनाभरात फरक दिसेल. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहितो.

गणूचे_बाबा

समजलं. पण मग तिला आज रात्रीच हे गोट्यांचं उदाहरण घालून बघतो.

जुना_खडू

आता नीट लिहितो. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे मांडले: समजून घ्या, आखणी करा, सोडवा, मागे वळून बघा. शिक्षकांना ते पाठ असतात. गाडी अडते पहिल्याच टप्प्यावर, कारण "समजून घे" असं म्हणून कोणी समजून घेत नाही. समजून घेण्याचं काहीतरी काम हाताला द्यावं लागतं. म्हणून मी आकडे काढून घेतो.

तुमचंच उदाहरण फळ्यावर असं लिहा: "सलमाकडे काही गोट्या आहेत. राजूच्या गोट्यांपेक्षा त्या काही जास्त आहेत. राजूकडे किती?" आकड्यांच्या जागी रिकामे चौकोन. पहिल्या दिवशी मुलं गोंधळतात. "बाई, आकडे विसरलात!" असा ओरडाही होतो. पण बेरीज करायला काहीच नसल्यामुळे ती पहिल्यांदा वाक्य वाचतात.

आता एकच प्रश्न विचारा: जास्त गोट्या कोणाकडे? हात वर करू देऊ नका, पाटीवर नाव लिहून घ्या. तुमच्या वर्गात निम्मी मुलं "राजू" लिहितील. बावीस जण कुठे घसरले ते इथेच कळेल. तिथे थांबा, पुढे जाऊ नका. दोन मुलांना उभं करा, हातात खडे द्या आणि वाक्य पुन्हा वाचा. सलमाच्या मुठीत जास्त असायला हवेत हे सगळ्यांना दिसेपर्यंत थांबा.

मग पट्ट्या. वहीत सलमाची लांब पट्टी, तिच्याखाली डावीकडून सुरू होणारी राजूची आखूड पट्टी. सलमाची पट्टी जिथे पुढे निघते तो तुकडा रेघोट्यांनी भरायचा. अजून एकही आकडा आलेला नाही. पट्ट्या झाल्या की समासात लिहायचं: राजूचं उत्तर सलमाच्या आकड्यापेक्षा लहान.

आता आकडे उघडा. ४८ कुठे लिहायचे? सलमाच्या पूर्ण पट्टीवर. १५ कुठे? इथे दुसरी मोठी चूक होते, मुलं राजूच्या पट्टीवर १५ लिहितात. त्याला कारण आहे. "१५ गोट्या हरवल्या" असं असतं तेव्हा त्या पंधरा गोट्या खऱ्याच असतात, डोळ्यासमोर आणता येतात. "१५ने जास्त" मधले पंधरा कोणाच्याच खिशात वेगळे ठेवलेले नाहीत. तो फक्त दोघांतला फरक आहे. म्हणून तुलनेची उदाहरणं हरवल्या-सापडल्याच्या उदाहरणांहून नेहमी अवघड जातात. रेघोट्यांचा तुकडा त्या फरकाला जागा देतो. १५ तिथे लिहायचे आणि प्रश्नचिन्ह राजूच्या पट्टीवर.

चित्र इथवर आलं की "बेरीज की वजाबाकी" हा प्रश्न मुलं विचारत नाहीत. कोणी ४८ मधून १५ काढेल. कोणी १५मध्ये किती मिळवले की ४८ होतात असं चढत जाईल. दोघांचं ३३ येईल आणि दोघंही बरोबर आहेत. क्रिया उदाहरणात लिहिलेली नसते, ती आपण निवडतो, हे मुलांना दिसायला हवं.

शेवटी ३३ हा आकडा गोष्टीत बसवून पूर्ण वाचायचं: "सलमाकडे ४८, राजूकडे ३३, सलमाकडे १५ जास्त." ३३ आणि १५ मिळून ४८ होतात का? होतात. ज्याचं ६३ आलं तो समासातली ओळ बघेल आणि स्वतःच थबकेल. तुम्हाला आठी घालावी लागणार नाही.

शेवंती

सर, खूप आभार. "जास्त कोणाकडे" हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता, थेट "काय करायचं" हेच विचारत आले. उद्यापासून सुरू करते. एक शंका: पट्ट्यांची लांबी मापात काढायची का?

जुना_खडू

मापात नको, फक्त लांब आणि आखूड हे खरं असावं. पट्टी घेऊन सेंटिमीटर मोजायला बसली तर तास तिथेच संपेल.

सातपुड्याची_वाट

माझ्या शाळेत घरी पावरी बोलणारी मुलं आहेत. सरांनी लिहिलेलं सगळं पटलं, पण आमच्याकडे अडचण त्याच्याही आधी येते. "पेक्षा" हा छोटासा शब्द मुलांच्या कानावरून निसटतो. "राजूपेक्षा सलमाकडे जास्त" यात त्यांना ऐकू येतं ते "राजू" आणि "जास्त". जे नाव आधी आलं त्याच्याकडे जास्त, असं ती धरून चालतात. मराठी घरातल्या मुलांचंही थोडंफार असंच होत असणार.

मी उदाहरण आधी मुलांच्या बोलीत सांगायला लावतो. मला सगळं कळत नाही, म्हणून वर्गातल्याच मोठ्या मुलीला विचारतो, "हा बरोबर सांगतोय का?" गोष्ट घरच्या भाषेत नीट सांगता आली तरच पट्टी. ज्याला गोष्ट सांगता येत नाही त्याची अडचण गणिताची नसते, आणि त्याला आणखी दहा उदाहरणं देऊन काही होत नाही.

दुसरं म्हणजे "१५ने जास्त" आणि "१५ पट" यांतही गोंधळ होतो. तो "ने" जोरात वाचून दाखवावा लागतो.

क्ष_य_झ

एवढा खटाटोप कशासाठी? सरळ क्ष शिकवा. क्ष + १५ = ४८, क्ष = ३३. चौथीच्या मुलालाही कळेल. माझ्या पुतण्याला मी एका दुपारी शिकवलं.

जुना_खडू

क्ष वाईट नाही. पण क्ष + १५ = ४८ लिहायचं की क्ष − १५ = ४८, हे कशावरून ठरवणार? सलमाकडे जास्त आहेत हे ज्याला कळलं तोच बरोबर समीकरण मांडेल, आणि ज्याला कळलं नाही तो क्ष वापरूनही ६३च काढेल. नववी-दहावीत शिकवणाऱ्यांना विचारून बघा, तिथेही समीकरण मांडतानाच गाडी अडते, सोडवताना नाही. तुमच्या पुतण्याला बहुधा गोष्ट आधीच कळली होती.

क्ष_य_झ

हे खरं आहे. त्याला समीकरण मीच मांडून दिलं होतं, त्याने फक्त सोडवलं.

सिंगापूरकर_मानसी

आम्ही सिंगापूरला राहतो. इथल्या प्राथमिक शाळांत या पट्ट्या नेमाने शिकवतात. १९८०च्या दशकात इथल्या शिक्षण मंत्रालयाने ही पद्धत आणली ती मुलांना शाब्दिक उदाहरणं जमत नव्हती म्हणूनच. माझा मुलगा सहावीत आहे, अपूर्णांक आणि गुणोत्तराची उदाहरणंही तो पट्ट्यांनी सोडवतो, त्यामुळे उपयोग आहे याबद्दल शंका नाही.

पण एक सावधगिरी सांगते. पट्टीला गुण मिळायला लागले की मुलं आधी उत्तर काढतात आणि मग गुणांसाठी पट्टी काढतात. माझ्या मुलाची वही मी बघितली तेव्हा सगळ्या पट्ट्या सारख्याच, दोन चौकोन, त्यांत आकडे कोंबलेले. आता मी घरी आकडे बोटाने झाकते आणि विचारते, "यातली सलमा कुठली?" सांगता आलं तर पट्टी खरी.

मंडईतला_माणूस

मी शिक्षक नाही, माझा भाजीचा गाळा आहे. माझा धाकटा पाचवीत आहे. संध्याकाळी गाळ्यावर बसतो. गिऱ्हाईकाने ३५ रुपयांच्या भाजीला शंभराची नोट दिली की हा पाच रुपये ठेवतो, म्हणतो चाळीस. दहा ठेवतो, पन्नास. मग पन्नासची नोट ठेवतो, शंभर. पासष्ट परत. एकदाही चुकत नाही. वहीत तेच आलं, "रमाने १०० रुपये दिले, ३५ रुपयांची भाजी घेतली, किती परत मिळतील", तर याने १३५ लिहिलं. मी म्हटलं, "अरे, असं गिऱ्हाईक आपल्याला रोज मिळालं तर?" तर म्हणतो, "बाबा, ते गाळ्यावरचं वेगळं, हे गणित आहे."

त्याला हे वेगळं का वाटतं, ते मला कळत नाही.

सातपुड्याची_वाट

दादा, तुमच्या मुलाला गणित येतं. गाळ्यावर तो वजाबाकी चढत जाऊन करतो, ती पूर्ण बरोबर रीत आहे. सरांनी वर लिहिलंय तीच. त्याच्या बाईंना सांगा, वहीतही त्याला ३५ पासून ४०, ५०, १०० असं रेघेवर उड्या मारत लिहू द्या. उभी मांडणी नंतर शिकेल. आणि वहीतलं उदाहरण त्याला एकदा गाळ्यावर बसूनच सोडवू द्या.

मीरा_आई

मी वर तक्त्याच्या बाजूने लिहिलं होतं. काल मुलाला शेवंतीताईंचं उदाहरण दिलं. त्याने ६३ लिहिलं. मला खरंच धक्का बसला, कारण त्याचे गुण चांगले आहेत. मग त्याच्या सराव संचांतली शाब्दिक उदाहरणं काढून बघितली. बहुतेक ठिकाणी शब्द आणि क्रिया जुळतच होती, त्यामुळे तक्ता पकडला गेला नाही.

तरीही वेळेचा प्रश्न मी सोडणार नाही. एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. प्रत्येक उदाहरणाला पट्ट्या काढत बसला तर शेवटचे पंधरा प्रश्न राहतील. तुम्ही वर्गात बसून सांगता, पण परीक्षागृहात मूल एकटं असतं.

जुना_खडू

मीराताई, तुमची काळजी रास्त आहे. पट्टी ही शिकताना लागणारी गोष्ट. महिना-दीड महिन्यात बहुतेक मुलं कागदावर काढणं आपोआप सोडतात, फक्त "उत्तर मोठं की लहान" एवढं मनात ठरवतात. त्याला पाच सेकंद लागतात. परीक्षेत पट्टी काढायची ती गोष्ट डोक्यात बसत नसेल तेव्हाच. पण सगळ्या मुलांचं असं होतं का? नाही. काही मुलं सावकाशच राहतात, आणि त्यांनी या परीक्षेत काय करावं याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

मीरा_आई

उत्तर नाही असं सरळ सांगितलंत, बरं वाटलं. मी सध्या आठवड्यातले तीन दिवस घड्याळ न लावता आणि दोन दिवस लावून असं करून बघते.

दशांशचिन्ह

मी सातवीला शिकवते. "उत्तर मोठं की लहान" याबद्दल एक इशारा द्यायचाय. माझ्या वर्गातलं उदाहरण: टोमॅटो ६० रुपये किलो, तर ०.७५ किलोचे किती? मुलं म्हणतात, पाऊण किलो म्हणजे ६०पेक्षा कमी. अगदी बरोबर. मग म्हणतात, कमी यायला हवं म्हणजे भागाकार. ६०ला ०.७५ने भागतात, ८० येतात आणि तसेच लिहून मोकळी होतात. अंदाज बरोबर असून निवड चुकली, कारण गुणाकाराने आकडा वाढतोच असं त्यांनी चौथीपासून धरलेलं असतं.

मी त्यांना आकडा बदलायला लावते. ०.७५ पुसा, २ लिहा. दोन किलोचे किती? १२०, गुणाकार. ३ किलो? १८०, गुणाकार. गोष्ट बदलली का? नाही. मग ०.७५ला क्रिया का बदलायची? ६० गुणिले ०.७५ म्हणजे ४५, आणि ४५ हे ६०पेक्षा कमी आहेत, अंदाजही जुळला. म्हणून समासातली ओळ उत्तर तपासायला वापरा, क्रिया निवडायला नको. चौथीत हे सांभाळलं तर आमचं काम निम्मं होईल.

चाळीसगावकर

जरा विषयांतर करतो. आमच्या चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख सापडला, त्यामुळे आम्हाला या विषयाचं प्रेम जरा जास्त. ११५०च्या लीलावतीतलं भुंग्यांचं उदाहरण घ्या. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंच्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत फिरत राहिला. थव्यात एकूण किती?

यात "एकूण" आहे, "फरक" आहे, "तिप्पट" आहे. तक्ता घेऊन बसलं तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार तिन्ही एकदम करावे लागतील आणि हाती काही लागणार नाही. चित्र काढलं तर लागतं. थव्याची एक पट्टी काढून तिचे १५ सारखे भाग करा. तीन भाग कदंबावर, पाच शिलींध्रावर, फरक दोनाचा, त्याची तिप्पट सहा. झाले चौदा. उरला एक भाग, आणि एकच भुंगा उरलाय. म्हणजे थवा १५चा.

घाटपायथा

वा! उद्या सातवीला देतो. पण १५ भागच का करायचे, हे मूल कसं शोधणार?

दशांशचिन्ह

पाचवा भाग आणि तिसरा भाग दोन्ही पूर्ण निघायला हवेत म्हणून. आधी मुलांना १० भाग करून बघू द्या. तिसरा भाग निघत नाही हे त्यांनाच दिसेल.

शेवंती

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. तक्ता दुसऱ्याच दिवशी काढला. काय काय घडलं ते सांगते.

पहिला आठवडा कठीण गेला. आकडे नसलेलं उदाहरण दिल्यावर मुलं अस्वस्थ झाली आणि दोघांनी तर मनानेच आकडे घालून बेरीज केली. "जास्त कोणाकडे" ला ३१ पैकी १७ जणांनी "राजू" लिहिलं. सरांनी म्हटलं होतं तसंच. खडे घेऊन दोन दिवस तेवढंच केलं.

दुसऱ्या आठवड्यात जोड्या दिल्या. एका चिठ्ठीवर "सलमाकडे ४८, त्या राजूपेक्षा १५ने जास्त, राजूकडे किती?" आणि दुसरीवर "सलमाकडे ४८, राजूकडे तिच्यापेक्षा १५ जास्त, राजूकडे किती?" दोन्हींत तेच आकडे, तोच "जास्त". दोन्हींच्या पट्ट्या शेजारी शेजारी काढायच्या. वर्गात खूप वादावादी झाली, एकमेकांच्या वह्या ओढून दाखवणं चाललं होतं. त्या तासाला मला कोणीही "बेरीज की वजाबाकी" असं विचारलं नाही.

भागाकाराला वेगळीच गोष्ट कळली. मी म्हटलं, २४ भागिले ६ची गोष्ट बनवा. सगळ्यांनी सहा मुलांत २४ लाडू वाटले. "एका डब्यात ६ लाडू बसतात, २४ला किती डबे?" ही गोष्ट एकाही मुलाला सुचली नाही. म्हणून डब्यांचं उदाहरण आलं की ती गुणाकार करत होती. "प्रत्येकी" नाही म्हणजे भागाकार नाही, हा माझ्याच तक्त्याचा परिणाम. मग सहलीचं उदाहरण दिलं. १३० मुलं, एका बसमध्ये ४५, किती बस लागतील? बऱ्याच जणांनी २ बस आणि ४० बाकी असं लिहिलं. मी विचारलं, ते चाळीस जण घरी बसतील का? एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, तिसरी बस लागेल, पण तीत पाच जागा रिकाम्या राहतील." तिला त्या रिकाम्या जागाही दिसल्या, याचा मला फार आनंद झाला.

काल तेच गोट्यांचं उदाहरण नावं आणि आकडे बदलून दिलं. ३१ पैकी २३ बरोबर. आठ चुकली, त्यांतल्या पाच जणांनी फरकाचा आकडा आखूड पट्टीवरच लिहिला. उरलेल्या तिघांना मुळात वाक्यच वाचता येत नाही, त्यांना मी वाचून दाखवलं तर दोघांनी बरोबर सांगितलं. म्हणजे त्यांचं वाचनाचं काम वेगळं करायला हवं, इतके दिवस मी ते गणितात धरत होते.

आता अडचण अशी की दहा उदाहरणांऐवजी एका तासात तीनच होतात. अभ्यासक्रम मागे पडतोय आणि पाहणीला कोणी आलं तर वहीत उदाहरणं कमी दिसणार. तुम्ही हे कसं जमवता?

घाटपायथा

मी पाठाखालची दहा एकदम देत नाही. तीन आजची, चार मागच्या पाठांतली आणि या पाठाची राहिलेली सात पुढच्या आठवड्यांत सरमिसळ करून. वही भरते आणि शीर्षक बघून क्रिया ठरवण्याची सोयही जाते. पण वेळ कमी पडतो तो पडतोच.

सातपुड्याची_वाट

माझ्याकडे दोन इयत्ता एका खोलीत आहेत. मी पट्ट्या फळ्यावर तिसरी-चौथीला एकत्रच काढायला लावतो, आकडे फक्त वेगळे. थोडा वेळ वाचतो.

गणूचे_बाबा

रात्री मुलीला गोट्यांचं उदाहरण घातलं होतं, ते सांगायचं राहिलं. तिने खरंच ६३ सांगितलं. मग घरातल्या शेंगदाण्यांचे दोन ढीग केले आणि "जास्त कोणाकडे" विचारलं. ढिगांकडे बराच वेळ बघून म्हणाली, "बाबा, मग राजूला कमी." आता ती मला उदाहरणं घालते, आणि आकडे मुद्दाम सांगत नाही.